ल्युकेमियाग्रस्त बालकाचे पोषण (तीव्र उपचारकाळातील)

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, याच्या पहिल्या काही महिन्यांच्या जोरकस केमोथेरपीत मुलाचे वजन, स्नायू आणि खाण्याची क्षमता टिकवण्यासाठी केलेली आहारयोजना. या काळात मूल आधी स्टेरॉइडमुळे अतोनात खाते आणि पुढे तोंड आल्यामुळे खाणेच सोडते. दोन्ही टोकांना वजनकाटा फसवतो, आणि या नोंदीचा मुख्य विषय तोच आहे.

स्टेरॉइडची भूक. उपचाराच्या पहिल्या टप्प्यात सुमारे चार आठवडे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन रोज दिले जाते. काही दिवसांतच मुलाला भूक आवरत नाही. ते रात्री उठून खायला मागते, खारट आणि चटपटीत पदार्थांचा हट्ट धरते, ताट संपले की रडते. पालकांना हे बरे होण्याचे लक्षण वाटते, कारण आजारात सुकलेले पोर पुन्हा जेवू लागलेले असते. पण स्टेरॉइड भूक वाढवते तसेच स्नायूंतील प्रथिने मोडते, चरबी चेहऱ्यावर आणि पोटावर साठवते व अंगात पाणी धरून ठेवते. परिणामी गाल फुगतात, पोट सुटते आणि हातपाय मात्र काडीसारखे होतात. मूल जमिनीवरून उठताना हाताचा आधार घेऊ लागले किंवा जिना चढायला नको म्हणू लागले, तर स्नायू गेल्याची शंका घ्यावी. व्हिन्क्रिस्टीन या औषधाने नसांवर परिणाम होऊनही अशी अशक्तता येते, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडावे.

या भुकेला उपाशी ठेवून उत्तर देता येत नाही. खाण्याच्या वेळा ठरवून थोडे थोडे द्यावे, प्रत्येक वेळी प्रथिनांचा पदार्थ असावा आणि गोड पेये टाळावीत. स्टेरॉइडसोबत अस्पॅराजिनेज हे केमोथेरपीचे औषध चालू असेल तर रक्तातील साखर चढू शकते. सारखी तहान आणि वारंवार लघवी ही त्याची खूण. मीठ आवरावे, कारण रक्तदाबही वाढतो. अस्पॅराजिनेजनंतर पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे जात असेल आणि उलट्या होत असतील, तर खाण्याचा आग्रह तिथेच थांबवावा. स्वादुपिंडाला सूज आली आहे का, हे त्याच दिवशी पाहायला हवे.

तोंड येणे. उच्च मात्रेतील मेथोट्रेक्सेटनंतर साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी ओठांच्या आतली आणि जिभेच्या कडेची त्वचा लाल होते, मग सोलवटते. जिथे पेशी भराभर नव्या होतात तिथे हे औषध घाव घालते, आणि तोंडाचे अस्तर तसेच आहे. व्रण बहुधा दोन-तीन आठवड्यांत, पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या की भरतात. जागतिक आरोग्य संघटनेची श्रेणी खाण्यावरच बेतलेली आहे: दुसऱ्या श्रेणीत व्रण असूनही घन अन्न खाता येते, तिसरीत फक्त पातळ, चौथीत तोंडाने काहीच नाही. व्रण नेहमीपेक्षा लवकर आणि फार तीव्र आले, तर औषध शरीरातून वेळेत बाहेर पडले नसण्याची शक्यता असते. रक्तातील मेथोट्रेक्सेटची पातळी आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन बघून, मेथोट्रेक्सेटच्या घावापासून पेशी वाचवणारे ल्युकोव्होरिन वाढवावे लागते. ल्युकोव्होरिन हा फोलेटचाच एक प्रकार असला, तरी त्याची वेळ आणि मात्रा मोजून ठरवलेली असते. म्हणून घरचे टॉनिक, विशेषतः फॉलिक अ‍ॅसिड असलेले, न विचारता देऊ नये.

जेवणाआधी सुमारे अर्धा तास वेदनाशामक दिले तर चार घास जास्त जातात. हे साधे वेळापत्रक पुष्कळदा कुणी पाळत नाही. वेदना फार असतील तर मॉर्फिन लागते आणि ते द्यायला संकोच करू नये. अन्न मऊ, कोमट किंवा थंड. आंबट, तिखट, खारट आणि टोकदार पदार्थ नकोत. मऊ ब्रश आणि मिठाच्या सौम्य पाण्याच्या चुळा चालतात. पांढरे चट्टे दिसले तर बुरशी, आणि ताप आला तर पांढऱ्या पेशी कमी असताना ती आणीबाणीच समजावी.

वजन किती घटले की हालचाल करायची. प्रचलित उंबरठा आजारापूर्वीच्या वजनाच्या ५ टक्क्यांचा आहे. १० टक्के घट गंभीर धरतात. त्याच्या जोडीला, गरजेच्या ८० टक्क्यांहून कमी खाणे सलग तीन ते पाच दिवस राहिले तरी पोषणाचा आधार सुरू करतात, वजन अजून स्थिर असले तरीही. दंडाच्या मध्यावरचा घेर दर आठवड्याला त्याच हातावर, शक्यतो त्याच व्यक्तीने मोजावा. तिथे पाणी पोट आणि चेहऱ्याच्या मानाने कमी साठते, म्हणून घेर काट्यापेक्षा प्रामाणिक असतो.

एक काल्पनिक उदाहरण. सहा वर्षांची मुलगी, आजारापूर्वी २० किलो, निदानाच्या दिवशी १९.२ किलो, दंडाचा घेर १६.६ सेंमी. चार आठवडे स्टेरॉइड झाल्यावर काट्यावर २१.४ किलो दिसतात आणि घरी आनंद होतो. घेर मात्र १५.४ सेंमी. स्टेरॉइड थांबून पाणी उतरल्यावर वजन १९.८ किलो. पुढच्या टप्प्यात मेथोट्रेक्सेटनंतर सहाव्या दिवशी तोंड येते, आठव्या दिवशी ती तिसऱ्या श्रेणीत जाते, दहाव्या दिवशी वजन १८.७ किलो. आता घट किती? २१.४ धरली तर १२.६ टक्के, म्हणजे घबराट; पाणी उतरल्यानंतरचे १९.८ धरले तर ५.६ टक्के, आजारापूर्वीचे २० धरले तर ६.५ टक्के. पाया आजारापूर्वीचाच हवा, कारण २१.४ मध्ये पाणी आणि चरबी होती. तरी खरे पाहता दहाव्या दिवसाची वाट बघायचीच नव्हती. सातव्या दिवसापासून ती गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी खात होती आणि तोंड आणखी बिघडणार हे दिसत होते.

नाकातून जठरात जाणारी बारीक मऊ नळी चौथ्या श्रेणीची वाट न बघता, प्लेटलेट तपासून घातलेली बरी. नळीच्या टोकाची जागा नळीतून ओढलेल्या द्रवाचा आम्लांक ५.५ किंवा कमी असल्याने पडताळतात. आम्ल कमी करणारी औषधे चालू असतील तर हा आकडा फसवतो आणि शंका राहिली तर एक्स-रे काढतात. या मुलीची गरज अंदाजे १५०० किलोकॅलरी धरली आणि तोंडाने ४०० जात असतील, तर मिलीलिटरला १ किलोकॅलरीचे द्रव रात्री दहा तास ताशी ७५ मिली दिल्यास ७५० मिळतात, आणि दिवसा १२० मिलीच्या तीन मात्रांनी ३६०. पहिल्या रात्री मात्र ताशी ३० मिलीपासून सुरुवात करून पुढील दोन रात्रींत वेग वाढवतात. मूल पाच दिवसांहून अधिक जवळजवळ उपाशी असेल, तर अचानक भरपूर अन्न दिल्याने रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायकपणे कोसळू शकतात. अशा मुलाला आणखी हळू वाढवावे आणि या तीन घटकांची रोज तपासणी करावी. आतडे सुजले असेल किंवा उलट्या-जुलाबांमुळे नळीही चालत नसेल, तेव्हाच शिरेतून पोषण. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो.

पांढऱ्या पेशी वर आल्या आणि तोंडाने गरजेच्या सुमारे तीन चतुर्थांश अन्न दोन-तीन दिवस सलग गेले, तर रात्रीची मात्रा निम्मी करून बघतात. वजन टिकले तर नळी निघते. दंडाचा घेर मात्र वजनाच्या मागे रेंगाळतो. तो पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात, आणि नंतरच्या टप्प्यात डेक्सामेथासोन पुन्हा आले की मोजणी पहिल्यापासून करावी लागते.