टक्का मोठा, फायदा छोटा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ काजूचा एक छोटा कारखाना आहे असं समजू. मालकापुढे तीन पर्याय आहेत. शेजारची काजूबाग यंदाच्या एकाच हंगामापुरती खंडाने घेतली, तर आज ४ लाख जातील आणि वर्षाअखेरीस गर विकून ५ लाख हाती येतील. बी फोडायचं यंत्र ६ लाखांचं, ते आठ वर्षं दरसाल दीड लाखाचा खर्च वाचवेल. गर वाळवून सोलणारा संच १० लाखांचा, त्यातून आठ वर्षं दरसाल २ लाख ४५ हजार सुटतील.

यंदा गुंतवायला आहेत फक्त ६ लाख. हा पैसा इतरत्र १२ टक्के मिळवू शकतो असं धरू. म्हणजे वर्षाने मिळणारा रुपया आज ८९ पैशांचा.

अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर, हा असा व्याजदर की तो लावला तर पुढच्या सगळ्या जमेचं आजचं मूल्य गुंतवणुकीइतकंच भरतं. बागेचा दर २५ टक्के, यंत्राचा साधारण साडेअठरा, संचाचा १८. मग बागच घ्यावी की!

नफाक्षमता निर्देशांक मात्र वेगळं सांगतो. जमेचं आजचं मूल्य भागिले गुंतवणूक, एवढाच तो हिशेब. बागेचे ५ लाख आजचे ४ लाख ४६ हजार होतात, म्हणून निर्देशांक १.१२. यंत्राच्या आठ हप्त्यांचं आजचं मूल्य ७ लाख ४५ हजार, निर्देशांक १.२४. आजच्या पैशांत बाग ४६ हजारांचा निव्वळ फायदा देते, यंत्र १ लाख ४५ हजारांचा. बागेचा २५ टक्के दर एकच वर्ष चालतो. पुढे ते पैसे आणि आज उरलेले २ लाख १२ टक्क्यांवरच बसतात. टक्केवारीत ही मुदत दिसत नाही. (तीच बाग त्याच भावात आठही वर्षं मिळणार असती, तर ती यंत्राच्या पुढे गेली असती. पण असा शब्द कोण देतो?)

आता बँकेने हात दिला आणि रक्कम १० लाखांवर गेली. निर्देशांकाच्या क्रमाने यंत्र पहिलं, १.२२ वाला संच दुसरा. यंत्र घेतल्यावर संचाला पैसे पुरत नाहीत, म्हणून उरलेल्या ४ लाखांत बाग. दोन्हींचा मिळून निव्वळ फायदा साधारण १ लाख ९२ हजार. एकटा संच मात्र २ लाख १७ हजार देतो! संच अर्धा विकत मिळत नाही, आणि निर्देशांकाचा क्रम तेव्हाच बिनचूक असतो जेव्हा प्रकल्पाचे हवे तेवढे तुकडे पाडता येतात. अशा वेळी रकमेत बसणाऱ्या जोड्या मांडून प्रत्येकीचा निव्वळ फायदा बेरजेने पाहावा. तीन-चार प्रकल्पांसाठी वहीचं एक पान पुरतं.

तंगी पुढच्या वर्षीही राहणार असेल, तर हेही पुरत नाही. तेव्हा बागेचे परत येणारे ५ लाख नेमके कोणत्या महिन्यात हाती पडतात, तेही मांडावं लागतं.