नाचणीतलं कॅल्शियम: तक्त्यातला आकडा आणि अंगाला लागणारा आकडा

नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम, तिळात तर आठ-दहापट, हे वाक्य सगळीकडे फिरतं आणि आकडे म्हणून ते खोटं नाहीच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिग्रॅ, सालासकट तिळात हजाराच्या आसपास किंवा वरच, आणि १०० मिली दुधात १२० च्या आसपास. पण हे आकडे प्रयोगशाळेत पदार्थ जाळून राखेत कॅल्शियम किती उरलं यावरून आलेत, त्यातलं आतड्यातून रक्तात किती जातं हा प्रश्न तिथे विचारलेलाच नसतो. तो प्रश्न पुढे कसा आला ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सुरुवात ओटपासून झाली. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी १९२० च्या दशकात कुत्र्याच्या पिल्लांना वेगवेगळी धान्यं घालून मुडदूस कसा होतो ते बघत होते, आणि विचित्र गोष्ट अशी की ओटवरच्या पिल्लांची हाडं पांढऱ्या मैद्यावरच्या पिल्लांपेक्षा जास्त वाईट झाली, खरंतर ओटमध्ये खनिजं जास्त. म्हणजे धान्यातच काहीतरी कॅल्शियम अडवणारं होतं. १९३९ मध्ये हॅरिसन आणि मेलनबी यांनी दाखवलं की ते फायटिक आम्ल, म्हणजेच आपण ज्याला फायटेट म्हणतो ते. याच्या रेणूला फॉस्फेटचे सहा गट असतात आणि ते कॅल्शियम, लोह, झिंक यांना धरून ठेवतात.

मग युद्धात ब्रिटनमध्ये कोंड्याची ब्राऊन ब्रेड सगळ्यांना खायला लागणार होती. मॅकन्स आणि विडोसन यांनी निरोगी माणसांवर प्रयोग केले, १९४२ मध्ये छापलेले, त्यात ब्राऊन ब्रेडवर कॅल्शियम कमी शोषलं गेलं, आणि पांढऱ्या ब्रेडमध्ये सोडियम फायटेट मिसळलं तरी तसंच झालं. फायटेट काढलेल्या ब्राऊन ब्रेडवर शोषण सुधारलं. म्हणजे दोष कोंड्याचा नाही तर फायटेटचाच, आणि यावरूनच पिठात खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट मिसळायचा निर्णय झाला. पण १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॉकर आणि सहकाऱ्यांना दिसलं की असा आहार काही आठवडे चालू राहिला की शरीर जुळवून घेतं, शोषण हळूहळू सावरतं. म्हणून फायटेटला विष समजणं मला अजिबात पटत नाही.

नाचणीवर थेट काम मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात झालं, सुब्रह्मण्यन आणि सहकाऱ्यांनी कमी पोषण झालेल्या मुलांच्या भाताच्या आहारात भाताऐवजी नाचणी दिली आणि कॅल्शियमचा साठा सुधारला. फायटेट असूनही! कारण भातात कॅल्शियमच जवळजवळ नाही, आणि नाचणीतलं अर्धवट शोषलं गेलं तरी भातापेक्षा पुष्कळ.

खरा मोठा अडथळा ऑक्झलेटचा, म्हणजे पालकासारख्या वनस्पतींत असणाऱ्या आणि कॅल्शियमला घट्ट बांधणाऱ्या पदार्थाचा, हे १९८८ मध्ये हीनी आणि वीव्हर यांच्या अमेरिकेतल्या गटाने मोजून दाखवलं. पालक वाढवतानाच त्यात खुणेचं कॅल्शियम घातलं, मग तो खाऊ घालून रक्तात किती आलं ते बघितलं: पालकातून सुमारे ५ टक्के, दुधातून सुमारे २८. पुढे त्यांनीच सोयाबीन तपासला, फायटेट जास्त असलेल्यातून ३१ टक्के आणि कमी असलेल्यातून ४१, म्हणजे फायटेट कमी करतं पण बंद पाडत नाही, ऑक्झलेट मात्र जवळजवळ बंदच पाडतं. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही, आणि फायटेटला मोडणारं फायटेज नावाचं विकर जसं बियांमध्येच असतं तसं ऑक्झलेटसाठी भिजवून-मोड आणून फारसं काही हातात येत नाही.

आता तिळाचं बघा. त्यातलं बरंचसं कॅल्शियम सालात, आणि तेही ऑक्झलेटला बांधलेलं. साल काढली की ऑक्झलेट जातं पण कॅल्शियमही जातं, सोललेल्या तिळाच्या २८ ग्रॅममध्ये ३७ मिग्रॅ उरतं आणि त्यातलं सुमारे २१ टक्के शोषलं जातं, म्हणजे जेमतेम ८ मिग्रॅ. हजारचा आकडा सालासकटचा आणि खातो आपण बरेचदा सोललेले, इथेच फसगत होते.

दुधाचा हिशोब सोपा, २०० मिलीत २४० मिग्रॅ, ३० टक्क्यांच्या आसपास शोषण, म्हणजे ७० च्या वर. नाचणीचं पीठ ६० ग्रॅम घेतलं तर सुमारे २१० मिग्रॅ, आणि शोषण २० टक्के धरलं तरी ४० च्या आसपास हाताशी येतं. धान्यासाठी हा आकडा खूप चांगला आहे, फक्त दुधाच्या तिप्पट नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की फायटेज फायटेट फोडतं आणि हा वाटा वाढतो. नुसती भाजून दळली तर तसं होत नाही, कारण विकराला ओल आणि वेळ लागतो आणि उष्णतेने ते निकामी होतं, म्हणून भाजायचीच असेल तर मोड येऊन गेल्यावर भाजावी.