'झोप येणारी' गोळी आणि गोधडीतली धूळ

पावसाळा ओसरला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मेडिकल दुकानांत एक प्रश्न रोज ऐकू येतो. गिऱ्हाईक रुमालाने नाक दाबत शिंकांची गोळी मागतं आणि दुकानदार विचारतो, "झोप येणारी देऊ की न येणारी?" बरीच मंडळी झोप येणारीच मागतात. जी गोळी आडवं पाडते ती कडक, तिनेच शिंका थांबतील, असा त्यामागचा हिशेब. पण झोपेचा नाकाशी काही संबंध नाही. औषध मेंदूत शिरलं, एवढंच ती झोप सांगते.

आधी शिंका येतात कुठून ते पाहू. घटस्थापनेपूर्वी घरोघरी गोधड्या, चादरी, रजया बाहेर निघतात. पहिली गोधडी झटकली की घरातल्या एखाद्याला एकामागून एक दहा-बारा शिंका येतात, नाकातून पाण्याची धार लागते, डोळे आणि टाळू खाजतात. ताप नसतो, अंग दुखत नाही. साध्या सर्दीत अशी खाज सहसा नसते आणि ती आठ-दहा दिवसांत उतरते. हे दुखणं मात्र महिनाभर रेंगाळतं आणि सकाळी अंथरुणातून उठताना सगळ्यात जास्त छळतं. (घरातून निघताना कुणी शिंकलं की पाच मिनिटं थांबायची पद्धत अजून आहे. माशी कुठे शिंकली ते शोधायचं असेल तर मुहूर्तापेक्षा उशी तपासलेली बरी.)

गादी-गोधडीच्या धुळीत माइट नावाचे आठ पायांचे जीव राहतात. लांबी पाव ते तृतीयांश मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते जवळपास दिसत नाहीत. आपल्या त्वचेचे गळलेले कण हे त्यांचं खाणं. घरच्या धुळीची ॲलर्जी मुख्यतः या माइटमुळे होते हे १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं. पण माइट चावत नाही की नाकात शिरत नाही. त्रास देते ती त्याची विष्ठा. तिच्या बारीक गोळ्यांमध्ये प्रथिनं पचवणारे विकर असतात. गोधडी झटकली की या गोळ्या उडतात आणि नाकाच्या ओल्या अस्तरावर बसून विरघळतात.

बहुतेकांच्या नाकाला त्याचं काही वाटत नाही. ॲलर्जी असलेल्याच्या शरीराने मात्र या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच बनवून ठेवलेली असतात, आणि ती नाकातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. प्रथिन त्यांना जोडलं गेलं की पेशी काही मिनिटांत आपल्या पिशव्या रिकाम्या करते. त्यातून बाहेर पडतं हिस्टामिन. मज्जातंतूंच्या टोकांवर ते खाज आणि शिंक उठवतं, ग्रंथींतून पाणी काढायला लावतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. थोडक्यात, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती नको तिथे हात उगारत असते. 'इम्युनिटी वाढवणारा' काढा या दुखण्यावर विकणाऱ्याला नेमकं काय वाढवायचं आहे, हे एकदा विचारून पाहावं.

आता गोळी. हिस्टामिन ज्या जागी बसून काम करतं तिला एच-१ ग्राही म्हणतात. दारासारखा विचार करा: हे दार स्वतःहूनही थोडं उघडझाप करत असतं. हिस्टामिन आलं की ते उघडं धरून ठेवतं, अँटिहिस्टामिन गोळी ते बंद धरून ठेवते. म्हणून गोळी आधी पोचलेली असेल तर फायदा जास्त. दार एकदा उघडून अस्तर सुजलं की गोळी ती सूज मागे ढकलू शकत नाही. गोधड्या झटकायच्या असतील तर गोळी कामाच्या तास-दोन तास आधी घ्यावी, विसाव्या शिंकेनंतर नाही.

अडचण अशी की हेच एच-१ ग्राही मेंदूतही आहेत. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. मेंदूतलं हिस्टामिन सोडणाऱ्या चेतापेशी फक्त तिथेच असतात, पण त्यांचे धागे सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. आपण जागे असताना त्या सतत हिस्टामिन सोडतात, गाढ झोपेत गप्प होतात. म्हणजे नाकात शिंक आणणारा पदार्थच मेंदूला जागं ठेवतो. गोळीने मेंदूतलं दारही बंद केलं की झापड येणारच.

मग काही गोळ्या मेंदूत शिरतात आणि काही बाहेरच का राहतात? मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की औषधाला फटीतून जाता येत नाही, पेशीच्या तेलकट आवरणातूनच जावं लागतं. 'झोप येणाऱ्या' गोळीतल्या क्लोरफेनिरामिनसारखे जुने रेणू लहान आणि तेलात विरघळणारे, ते सहज पार होतात. शिवाय या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप असतात. ते आत घुसू पाहणारे अनेक रेणू परत रक्तात फेकतात, पण जुन्या रेणूंना ते नीट ओळखत नाहीत.

नव्या गोळ्यांचा उगम मोठा मजेशीर आहे. हायड्रॉक्सिझिन हे जुनं, चांगलंच झोपवणारं औषध. ते पोटात गेल्यावर यकृत त्याच्या एका टोकाचं आम्लाच्या गटात रूपांतर करतं. या गटामुळे रेणूवर विद्युतभार येतो आणि तेलकट भिंत ओलांडणं त्याला जड जातं. यकृतात तयार होणारा हा रेणू म्हणजेच सेटिरिझिन. फेक्सोफेनाडिनचीही तीच कथा, तेही टर्फेनाडिन या जुन्या औषधापासून शरीरातच बनत होतं. टर्फेनाडिन स्वतः काही जणांच्या हृदयाचे ठोके बिघडवत असल्याने बाजारातून गेलं, त्याचा हा निरुपद्रवी वारस राहिला.

किती औषध मेंदूत पोचतं हे जपानी संशोधकांनी पेट स्कॅनने मोजलं आहे. क्लोरफेनिरामिनच्या नेहमीच्या एका मात्रेने मेंदूतले निम्म्याच्या आसपास एच-१ ग्राही अडवले जातात. १० मिलिग्रॅम सेटिरिझिनने साधारण आठवा हिस्सा, २० मिलिग्रॅमने पाव हिस्सा. १२० मिलिग्रॅम फेक्सोफेनाडिनने जवळजवळ शून्य. म्हणजे सेटिरिझिन 'न झोपवणारी' असली तरी पूर्ण निर्दोष नाही, आणि 'एकीने भागत नाही म्हणून दोन' घेतल्या की तिचा तो गुण निम्मा जातो. चाचण्यांमध्ये १० मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे १४ जणांना सुस्ती आली, औषधच नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६ जणांना.

"रात्री घेतो, सकाळपर्यंत उतरते," हा यावरचा नेहमीचा तोडगा. एक उदाहरण मांडून पाहू. चाळीसगावजवळच्या गावातला एक शिक्षक रात्री अकराला ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन घेतो आणि सकाळी सातला मोटारसायकलवर शाळेला निघतो. प्रौढाच्या रक्तातलं हे औषध निम्मं व्हायला साधारण २० तास लागतात. आठ तासांनी त्याच्या रक्तात तीन चतुर्थांश औषध शिल्लक आहे. दुसऱ्या रात्री अकराला, पुढची गोळी घेण्याच्या वेळीही चाळीस टक्क्यांहून अधिक उरलेलं असतं, त्यावर नवी गोळी पडते. रोज घेत राहिलं तर आठवड्याभरात पातळी पहिल्या दिवसाच्या पावणेदोन पट होते. सेटिरिझिन साधारण आठ तासांत निम्मं होतं, म्हणून ते रात्री घेण्यात अर्थ आहे. क्लोरफेनिरामिनच्या बाबतीत हा तोडगा फसतो.

त्यातही फसवं हे की झापड जाणवली नाही म्हणजे मेंदू तल्लख आहे असं नसतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात २००० साली ४० जणांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवलं होतं. ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रॅमिन (क्लोरफेनिरामिनचंच जुनं भावंड) घेतल्यावर त्यांचं चालवणं दारू प्यायल्यावरच्यापेक्षाही खराब झालं, फेक्सोफेनाडिनवर ते ठीक राहिलं. आणि 'मला झोप येतेय' हे उत्तर प्रत्यक्ष चालवण्याशी नीट जुळलं नाही.

म्हणून सर्दीच्या पाकिटाची मागची बाजू वाचावी. पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिनच्या शेजारी क्लोरफेनिरामिन बहुधा सापडतंच. गाडी चालवणारा, जिनिंगमध्ये यंत्रावर उभा राहणारा, ट्रॅक्टरवर बसणारा यांनी ते टाळावं. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या वडीलधाऱ्यांनी तर नक्कीच, कारण या जुन्या गोळ्या लघवी अडवतात आणि डोळ्यातला दाब वाढवू शकतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर सेटिरिझिनची मात्रा डॉक्टरांनी कमी करावी लागते. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यासोबत घ्यावी. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने ती आतड्यातून कमी शोषली जाते आणि मग 'ही गोळी हलकी आहे' असा उगाच ठपका बसतो. नाक मुख्यतः चोंदत असेल तर कुठल्याही अँटिहिस्टामिनचा उपयोग थोडाच. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा नाकातला फवारा रोज, निदान दोन आठवडे वापरून पाहावा लागतो. आणि जिनिंग किंवा सूतगिरणीत छाती आवळत असेल, सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या दिवशी जास्त, तर तो कापसाच्या धुळीचा वेगळा आजार असू शकतो. शिंकांच्या गोळीने तो झाकू नये.

उरली गोधडी. माइट पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. हवेतली आर्द्रता कित्येक आठवडे ५० टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. त्या हिशेबाने खानदेशचा एप्रिल-मे म्हणजे त्याचा काळ. पण तेव्हाच आपण कूलर लावतो, तोही खिडक्या बंद करून, आणि माइटला जुलैची हवा मे महिन्यात पुरवतो. कूलर खिडकीत बसवून समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवलं तर ओल बाहेर जाते आणि गारवाही जास्त लागतो. शंकाच असेल तर काही शे रुपयांचा आर्द्रतामापक पलंगाशेजारी ठेवावा.

नुसतं ऊन दाखवून अर्धंच काम होतं. उन्हाने माइट मरतात, विष्ठेतलं प्रथिन तसंच राहतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून गोधडी धुवावीच लागते. साध्या पाण्याने प्रथिन बरंचसं निघून जातं पण बरेच माइट तगतात, ६० अंशांच्या पाण्यात दोन्ही जातात. तेवढं गरम पाणी शक्य नसेल तर आधी धुणं आणि मग गच्चीवर दोन्ही बाजूंनी कडक ऊन, ही जोडी चालते. कापसाची जाड गादी धुता येत नाही आणि तिच्या पोटापर्यंत ऊन पोचत नाही. तिला घट्ट विणीची चेन असलेली खोळ घालावी, मात्र एकट्या खोळीने नाक शांत होईल ही अपेक्षा नको. या बाबतीत आजीची पातळ, दर महिन्याला धुता येणारी गोधडी आठ इंची गादीपेक्षा सरस.

गोधड्या झटकण्याचं काम ॲलर्जी नसलेल्याने करावं, घराबाहेर. माइटच्या विष्ठेच्या गोळ्या जड असतात, अर्ध्या तासात खाली बसतात. तोवर शिंकणाऱ्याने त्या खोलीत जाऊ नये, आणि नंतर झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. हवा शुद्ध करणारं यंत्र इथे फारसं कामी येत नाही. जी धूळ उशीत आहे आणि कूस बदलली की नाकापाशीच उडते, ती कोपऱ्यातल्या यंत्रापर्यंत पोचतच नाही.