होकायंत्राचा कोन आणि दूरच्या खुणेचे अंतर : पद्धतीची पार्श्वभूमी

होकायंत्राने दूरचे शिखर कोणत्या दिशेला आहे एवढेच कळते, ते किती लांब आहे हे कळत नाही. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन, म्हणजे ट्रेकर ज्याला बेअरिंग म्हणतात तो, नकाशावर फक्त एक रेषा देतो आणि ते शिखर त्या रेषेवर कुठेही असू शकते. अंतर मिळवण्यासाठी दुसरी ज्ञात जागा लागते, हे गेमा फ्रिसियस या नेदरलँड्सच्या गणितज्ञाने 1533 साली लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत स्पष्टपणे मांडले. अँटवर्पच्या मनोऱ्यावर अंश कोरलेली गोल तबकडी होकायंत्राने उत्तरेला लावायची, दिसणाऱ्या प्रत्येक गावाची दिशा कागदावर रेषेने उमटवायची, मग ब्रुसेल्सला जाऊन तेच पुन्हा करायचे. एकाच गावाच्या दोन रेषा जिथे छेदतात, तिथे ते गाव. त्या साऱ्या आराखड्यातील एक अंतर प्रत्यक्ष मोजले की बाकीची अंतरे कोनांतूनच निघतात.

सह्याद्रीत हे करून पाहण्यासाठी सिंहगड, तोरणा आणि राजगड ही जागा चांगली आहे. सिंहगड आणि तोरणा यांचे अक्षांश-रेखांश माहीत आहेत आणि राजगडाचे अंतर काढायचे आहे असे धरू. तोरणा सिंहगडापेक्षा सुमारे 0.09 अंश दक्षिणेला, म्हणजे 10 किलोमीटर, आणि 0.133 अंश पश्चिमेला, म्हणजे 14 किलोमीटर आहे. रेखांशाचा एक अंश येथे 111 नव्हे तर जवळपास 106 किलोमीटरचा भरतो, कारण ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ येत जातात, आणि हे विसरले तर उत्तर थेट चुकते. यावरून दोन गडांमधील अंतर 17.2 किलोमीटर आणि सिंहगडावरून तोरण्याचा कोन 235 अंश येतो. आता सिंहगडावरून राजगड 210 अंशांवर दिसतो, आणि तोरण्यावरून सिंहगड 55 अंशांवर तर राजगड 118 अंशांवर. त्रिकोणाचे कोन अनुक्रमे 25, 63 आणि राजगडापाशी उरलेले 92 अंश. 17.2 ला 63 अंशांच्या ज्येने, म्हणजे साइनने, गुणून 92 अंशांच्या ज्येने भागले की सिंहगड ते राजगड 15.3 किलोमीटर मिळते. राजगडापाशी रेषा जवळजवळ काटकोनात छेदतात हे येथे आपले नशीब. त्या अगदी लहान कोनात छेदल्या असत्या, तर एका अंशाच्या चुकीने छेदबिंदू कित्येक किलोमीटर सरकला असता.

होकायंत्राची सुई मात्र खऱ्या उत्तरेकडे पाहत नाही, आणि तिचा कल काळानुसार बदलतो. लंडनजवळ 1580 मध्ये हा कल सुमारे 11 अंश पूर्वेला होता, 1634 मध्ये हेन्री गेलिब्रँडने तो सुमारे 4 अंशच मोजला, तेव्हा पन्नासएक वर्षांत सुई सात अंश सरकल्याचे कळले. 15 किलोमीटरवर सात अंश म्हणजे जवळपास 1.8 किलोमीटरची चूक. मुंबईत 1841 पासून कुलाबा वेधशाळेत हा कल नोंदवला जाऊ लागला, आणि विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजणी 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली. पुणे परिसरात आज हा कल एका अंशाच्याही आत आहे, म्हणून इथल्या ट्रेकरला तो सहसा जाणवत नाही. वरच्या रीतीचा मोठा गुण असा, की ती दोन कोनांची वजाबाकी वापरते: सुई 2 अंश चुकत असेल तर तोरण्याचा आणि राजगडाचा दोन्ही कोन 2 अंशांनी चुकतात आणि फरक 25 अंशच राहतो.

मोठ्या मोजणीला एवढेही पुरे नव्हते. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा साखळीने मोजली आणि पुढचे सारे कोन थिओडोलाइटने घेतले, कारण त्यात चुंबकाचा संबंधच येत नाही. होकायंत्र हातातल्या झटपट कामाला राहिले. लॅम्बटनचाच साहाय्यक असलेला हेन्री केटर याच्याशी प्रिझम लावलेल्या होकायंत्राचे नाव जोडले जाते. त्यात खूण आणि अंशपट्टी एकाच नजरेत दिसतात. चार्ल्स श्मालकाल्डरने 1812 मध्ये त्याचे पेटंट घेतले.

दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असते, आणि वीज पडलेल्या माथ्यावरचा खडक सुईला चांगलाच ओढू शकतो. सिंहगडावरून तोरणा 235 अंशांवर दिसला, तर तोरण्यावरून सिंहगड बरोबर 180 अंशांच्या फरकाने, 55 अंशांवर दिसला पाहिजे. तो 59 दिसला, तर दोन्हीपैकी एका ठिकाणी खडक किंवा जवळचे लोखंड सुईला खेचते आहे. कुठे, हे अक्षांश-रेखांशांवरून आधीच काढलेला कोन सांगतो: ज्या गडावरचे वाचन त्याच्याशी जुळत नाही, तिथे काही पावले बाजूला सरकून पुन्हा मोजावे.