दऱ्या, दर्या आणि एक मात्रा

गाण्याचा व्हिडिओ थांबवत थांबवत शब्द उतरवून घेताना सर्वांत जास्त खोडाखोड होते ती ऱ्हस्व-दीर्घाची. पूर्वी हा प्रश्न श्रोत्यापर्यंत येतच नसे. नाटकाच्या पदांची आणि पुढे चित्रपटातल्या गाण्यांची छापील पुस्तिका विकत मिळायची, आणि त्यातलं शुद्धलेखन छापणाऱ्यानं पाहिलेलं असायचं. व्हिडिओसोबत असं काही येत नाही. आलेच तर पडद्यावर रोमन अक्षरांतले शब्द येतात.

जुनी पुस्तिका हाताशी असली तरी ती जशीच्या तशी उतरवता येत नाही. तिच्यात 'गाणें', 'कांहीं', 'नांव' अशी रूपं भेटतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 साली मान्य झाले, 1972 मध्ये त्यांत भर पडून ते 18 झाले. उच्चार होत नाही ते अनुस्वार त्यांनी काढून टाकले. शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ लिहायचा हेही ठरलं, पण 'आणि', 'नि' हे ऱ्हस्वच राहिले. गायक 'आणि'वर चार मात्रा थांबला की ऐकणारा हमखास 'आणी' लिहितो. तो लांबवलेला स्वर चालीचा असतो, शब्दाचा नव्हे. म्हणून लेखन कानावरून ठरवू नये, शब्दाच्या रूपावरून ठरवावं.

याला एक महत्त्वाचा अपवाद याच नियमांत आहे: वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलण्याची मोकळीक कवीला दिलेली आहे. उदाहरणासाठी एक ओळ रचतो. समजा, पडद्यावर `Door daryantun yete gane` असं दिसतंय. गद्याच्या सवयीनं आपण 'दूर दर्यांतून येते गाणे' लिहू. आता मात्रा मोजा. 'येते गाणे' आठ मात्रांचं आहे. पहिला अर्धा मात्र दहा भरतो. 'तुन' ऱ्हस्व केलं की एक मात्रा कमी होते. दुसरी 'दर्यां'त लपलेली आहे. 'र्य' या जोडाक्षरामुळे आधीचा 'द' गुरू होतो, 'ऱ्य'मुळे होत नाही. 'दूर दऱ्यांतुन' लिहिलं की बरोबर आठ मात्रा भरतात, आणि समुद्राच्या जागी डोंगरातल्या दऱ्या येतात. रोमनमध्ये दोन्ही सारखेच दिसत होते. गायकाच्या उच्चारात 'दर्‌-या' असा आघात येतो का, हे पुन्हा ऐकून खात्री करावी.

मुक्तछंदातल्या गाण्यात मात्र हा हिशेब लागत नाही. तिथे 'दऱ्यांतून' असंच लिहावं. गायक 'गाणं' म्हणत असेल तर 'गाणं'च ठेवावं, त्याचं 'गाणे' करू नये. बोलीतलं 'पानी'ही 'पाणी' करू नये.

टाइप करताना साधा र, हलन्त आणि य दिलं की 'र्य'च उमटतं. 'ऱ्य'साठी नुक्त्याचा ऱ हे वेगळं अक्षर घ्यावं लागतं:

```
ऱ + ् + य = ऱ्य
```