तक्त्याच्या फोटोतला हॅझार्ड रेशो: पार्श्वभूमी

मृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे तक्ते मांडण्याची पद्धत 17व्या शतकापासूनची आहे. आज सॉफ्टवेअरच्या तक्त्याचा फोटो काढून त्यावरून वाचल्या जाणाऱ्या हॅझार्ड रेशोच्या आकड्यांचे मूळ मात्र 1972 च्या एका ब्रिटिश शोधनिबंधात आहे. काळानुसार मूळ धोका कसा बदलतो, हे न ठरवताच दोन गटांच्या धोक्यांचे गुणोत्तर, म्हणजेच हॅझार्ड रेशो, काढता येते, असे त्यात दाखवले होते. गुणोत्तर शून्याखाली जाऊ नये म्हणून मॉडेल त्याच्या लॉगवर बांधले गेले. पुढचा सगळा गोंधळ या लॉगमधूनच येतो.

1980 च्या दशकात वैद्यकीय नियतकालिके नुसत्या पी-व्हॅल्यूऐवजी कॉन्फिडन्स इंटरव्हल मागू लागली आणि त्याच्या खालच्या-वरच्या मर्यादांचे रकाने महत्त्वाचे झाले. ते छापण्याची रीत मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापली ठेवली. Stata चे `stcox` थेट हॅझार्ड रेशो दाखवते. R चे `summary.coxph` आधी लॉगवरचा `coef` देते आणि खालच्या दुसऱ्या तक्त्यात हे:

```
          exp(coef) exp(-coef) lower .95 upper .95
treatment      0.64      1.562    0.4751    0.8621
```

`exp(coef)` हा मुख्य रेशो, आणि `exp(-coef)` म्हणजे गट उलटे धरून काढलेला रेशो. तो मुख्य रेशोला खेटून छापण्याचा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो, कारण त्याच्या स्वतःच्या मर्यादा (1.16 ते 2.10) तक्त्यात नसतातच. फोटो तिरका आला किंवा शीर्षकाची ओळ कापली गेली की वाचणारा 1.562 उचलतो आणि त्यापुढे 0.4751 ते 0.8621 लिहून मोकळा होतो. रेशो स्वतःच्याच इंटरव्हलबाहेर पडला, की समजावे, रकाना चुकला.

धूसर अंकांसाठी पडताळा त्याच लॉगमधून मिळतो. नेहमीचा इंटरव्हल लॉगवर दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून दोन मर्यादांच्या गुणाकाराचे वर्गमूळ रेशोइतके यायला हवे. 0.4751 × 0.8621 चे वर्गमूळ 0.64 येते. खालच्या मर्यादेतला 4 पुसट होऊन 1 वाटला, तर 0.1751 धरून उत्तर 0.39 च्या आसपास येते आणि चूक उघडी पडते. नुसती सरासरी काढली तर 0.67 येईल. त्यावरून तक्ताच चुकला असे समजू नये, साध्या मापावर इंटरव्हल असमान असणारच.

R च्या पहिल्या, `coef` असलेल्या तक्त्यात उणे चिन्ह गळण्याचीही भीती असते. इथे `coef` -0.4463 आहे. फोटोत तो 0.4463 दिसला, तर रेशो 1 पेक्षा मोठा हवा होता. 0.64 त्याच्याशी जुळत नाही, म्हणजे उणे चिन्ह फोटोत हरवले.

शेजारच्या ओळीचे आकडे उचलले गेले, तर मात्र हा पडताळा काहीच सांगत नाही, कारण ती ओळही आपल्यापुरती बरोबरच जुळते. तसेच `treatment` मध्ये 0 कोण आणि 1 कोण, हेही या आकड्यांत नसते. 0.64 म्हणजे उपचार घेणाऱ्यांचा धोका कमी की न घेणाऱ्यांचा, हे कोडिंग पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.