हॉस्पिटलचा स्टाफ डिजिटल रेकॉर्डला ‘विरोध’ करतो, म्हणजे नक्की काय? थोडी पार्श्वभूमी

नवी रेकॉर्ड सिस्टीम आली, दोन महिने झाले, आणि नर्स अजूनही खिशात चिठ्ठी ठेवून शिफ्टच्या शेवटी सगळं एकदम भरतायत, डॉक्टर ज्युनिअरला स्वतःचा पासवर्ड देऊन मोकळे. मग मीटिंगमध्ये ठरतं की स्टाफचा विरोध आहे, अजून एक ट्रेनिंग लावा. हा ‘विरोध’ शब्द आला कुठून आणि तो मोजायची अॅडकार नावाची पद्धत कशी आली, हे बघितलं की ट्रेनिंगचा हा उपाय बऱ्याचदा का फसतो ते कळतं.

सुरुवात हॉस्पिटलमध्ये नाही, पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात हारवुड नावाच्या कंपनीत कामाची पद्धत बदलली की उत्पादन पडायचं आणि लोक नोकरी सोडायचे. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे प्रयोग केला आणि 1948 मध्ये छापला. ज्या गटाला बदल नुसता सांगितला गेला त्यातल्या 17 टक्के लोकांनी पहिल्या 40 दिवसांत काम सोडलं, आणि ज्या गटांना नवी पद्धत ठरवतानाच सोबत घेतलं ते लवकर सावरून आधीपेक्षा पुढे गेले. म्हणजे कारखाना तोच आणि लोकही तिथलेच, फरक होता बदल आणायच्या रीतीत. गंमत अशी की लेखाच्या नावात ‘विरोध’ होता, तो शब्द सगळ्यांनी उचलला आणि निष्कर्ष मात्र मागेच राहिला.

अॅडकार बरंच नंतरचं. जेफ हायट हा बेल लॅब्समध्ये काम केलेला इंजिनिअर, त्याने 1994 मध्ये प्रोसाय ही कंपनी काढली, आणि 2006 मध्ये या मॉडेलवर त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं साधं आहे, संस्था बदलत नाही, एकेक माणूस बदलतो, आणि त्या माणसाला पाच पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात. बदल का हवा याची जाणीव, मग त्यात पडायची इच्छा, मग कसं करायचं याचं ज्ञान, मग ते प्रत्यक्ष कामात जमणं, आणि शेवटी जमलेलं टिकून राहणं. प्रत्येक पायरीला 1 ते 5 गुण द्यायचे आणि वरून खाली बघत 3 किंवा त्याहून कमी गुणाची पहिली पायरी शोधायची, अडकलेली जागा ती. त्याच्या पुढच्या पायरीवर कितीही मेहनत घेतली तरी फार उपयोग नाही.

इच्छेच्या पायरीवर गाडी अडते तेव्हा काय होतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिसचं सीडर्स-सायनाय. 2002 च्या शेवटी तिथे डॉक्टरांनी औषधांच्या आणि तपासण्यांच्या ऑर्डर कॉम्प्युटरवरच द्यायची सिस्टीम सुरू झाली आणि जानेवारी 2003 मध्ये शेकडो डॉक्टर एकत्र तिच्या विरोधात उठल्यावर ती थांबवावी लागली. तिथले बरेच डॉक्टर हॉस्पिटलचे पगारी नोकर नव्हते, बाहेर स्वतःची प्रॅक्टिस असलेले होते. ऑर्डरला आधी काही सेकंद लागायचे तिथे आता मिनिटं जाणार, वेळ डॉक्टरचा जाणार आणि फायदा हॉस्पिटलला दिसणार, मग इच्छा येणार कुठून? इथे क्लास घेऊन काही झालं नसतं.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती पिट्सबर्गची गोष्ट. तिथल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलने ऑक्टोबर 2002 मध्ये ऑर्डरची सिस्टीम फक्त 6 दिवसांत सगळीकडे लावली. दुसऱ्या हॉस्पिटलमधून हलवून आणलेल्या अतिगंभीर मुलांमधला मृत्यूदर आधीच्या 13 महिन्यांत 2.80 टक्के होता, नंतरच्या 5 महिन्यांत तो 6.57 टक्के झाला. 2005 मध्ये हे छापून आलं तेव्हा खळबळ उडाली. कारणं वाचली की कळतं, यात कुणाचा हट्ट नव्हता. आधी मूल अजून रस्त्यात असतानाच टीम ऑर्डर लिहून ठेवायची, औषध तयार असायचं. नव्या सिस्टीममध्ये मूल पोहोचून त्याची पूर्ण नोंदणी होईपर्यंत ऑर्डर टाकताच येत नव्हती. एका औषधाच्या ऑर्डरला साधारण 10 क्लिक आणि एक-दोन मिनिटं, तेवढा वेळ एक डॉक्टर बेड सोडून स्क्रीनपाशी. त्यात आयसीयूमधला औषधांचा साठाही मध्यवर्ती फार्मसीत नेलेला, म्हणजे नर्सला हाताशी असलेलं औषध उचलता येईना.

आता याला अॅडकारचे गुण द्या. त्या लोकांना चुका कमी करायच्या आहेत हे माहीत होतं, बटणं कुठली दाबायची हेही शिकवलेलं होतं, पण तुटलेली पायरी चौथी, जमण्याची. आणि तीसुद्धा माणसाला येत नाही म्हणून तुटलेली नव्हती, कामाची रचनाच अशी केलेली की घाईत ते होऊच शकत नव्हतं. पुढच्याच वर्षी सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलचा अभ्यास आला, सॉफ्टवेअर त्याच कंपनीचं, तिथे मृत्यूदर वाढला नाही. त्यांनी पिट्सबर्गचा अनुभव आधी समजून घेतला होता आणि आयसीयूसाठी नेहमीच्या ऑर्डरचे तयार संच करून ठेवले होते. अर्थात दोन्ही अभ्यास आधी-नंतरची तुलना करणारे, त्यामुळे सगळा दोष सिस्टीमवर टाकता येत नाही, पण दोन्ही हॉस्पिटलांतल्या तयारीतला फरक नजरेआड करता येत नाही.

हेच रोजच्या वॉर्डात लावून बघू. समजा रात्रीच्या औषधांची फेरी आहे, एक नर्स, 18 पेशंट, वॉर्डात चालू असलेला कॉम्प्युटर एकच. तिला विचारलं तर जाणीव 4, कारण कागदावरचं अक्षर न लागल्याने झालेला गोंधळ तिने पाहिलाय. इच्छा 4, ट्रेनिंगची टेस्टही पास म्हणून ज्ञान 4. पण प्रत्यक्ष जमणं 2. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे तिला शांत खोलीत बसवून त्याच नोंदी करायला सांगायच्या. तिथेही अडखळली तर ज्ञान कमी आहे, ट्रेनिंग द्या. तिथे भराभर केल्या आणि वॉर्डात मात्र राहतायत, तर तिला शिकवण्यासारखं काही उरलेलंच नाही, वॉर्डात काहीतरी बदलायला हवं. दुसरी खूण सिस्टीममध्येच सापडते, औषध दिल्याची वेळ आणि नोंद टाकल्याची वेळ यातलं अंतर बघा. सगळ्या नोंदी शिफ्ट संपताना दहा मिनिटांत पडल्या असतील तर खिशातली चिठ्ठी जिवंत आहे.

आणि हो, गुण घेताना साहेब समोर बसले असतील तर इच्छेला सगळेच 5 देतात. त्यामुळे तो आकडा निनावी घ्यावा, किंवा चहाच्या वेळी नुसतं ऐकावं.

एक मर्यादा अॅडकारची स्वतःचीही आहे. पाचही रकाने माणसाबद्दल आहेत, सॉफ्टवेअरला गुण द्यायला जागाच नाही. त्यामुळे चौथ्या रकान्यात 2 दिसला की मॅनेजर तो त्या नर्सचा 2 समजतो आणि तिच्या नावाने परत ट्रेनिंग लागतं. मी स्वतः त्या रकान्याशेजारी पेनाने अजून एक प्रश्न लिहायला लावतो, की या कामाला आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो, घड्याळ लावून.